प्रथम सत्र परीक्षा २०२५-२६ : इयत्ता ९ वी व १० वी, पर्यवेक्षण वाटप

सांगली, दिनांक २६ सप्टेंबर २०२५
प्रति, माध्यमिक विभागाचे सर्व शिक्षक-शिक्षिका

सप्रेम नमस्कार.

प्रथम सत्र परीक्षा सोमवार ६ ऑक्टोबरला सुरू होऊन बुधवार १५ ऑक्टोबरला संपेल. सहा ब्लॉक आहेत. एका बाकावर नववीचा एक आणि दहावीचा एक विद्यार्थी बसेल. प्रत्येक पेपरला सहा पर्यवेक्षक आणि एक रिलीव्हर असे सात जण लागतील. नऊ पेपरांच्या एकूण ६३ ड्यूट्या होतात आणि त्या चौदा जणांत वाटायच्या आहेत. मी चित्रकला शिकवतो, या वेळापत्रकात माझा पेपर नाही. त्यामुळे नऊही दिवस परीक्षा कक्ष मी सांभाळेन.

वाटप कसे केले ते सविस्तर लिहितो. सुपरव्हिजनवरून स्टाफरूममध्ये दरवर्षी जी कुरबुर होते ती कामाच्या ओझ्याची नसते. दुसऱ्याला कमी आणि मला जास्त का, याचे उत्तर कुणी देत नाही, म्हणून ती होते. हे उत्तर कागदावर असायला हवे, असे मला मनापासून वाटते.

आतापर्यंत आपण नुसत्या ड्यूट्या मोजत आलो. पण मराठी, हिंदी आणि इंग्रजीचे पेपर ८० गुणांचे, तीन तासांचे आहेत. गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रांचे दोन-दोन पेपर ४० गुणांचे, दोन तासांचे आहेत. दोघांना पाच-पाच ड्यूट्या दिल्या आणि एकाच्या वाट्याला तिन्ही भाषा आल्या, तर त्याचे तेरा तास होतात. दुसऱ्याला एकही भाषा आली नाही तर त्याचे दहाच तास. वहीत मात्र दोघांच्या नावापुढे ‘५’ हाच आकडा दिसतो. म्हणून या वेळी तास मोजले आहेत.

हिशेब असा : गणिताचे पाटील सर, खोत मॅडम, यादव सर, विज्ञानाच्या मगदूम मॅडम, जाधव सर आणि सामाजिक शास्त्रांच्या मुल्ला मॅडम, लोंढे सर या सात जणांचे स्वतःच्या विषयाचे दोन्ही पेपर दोन तासांचे आहेत आणि ते त्यांच्या वाटपातून वगळले आहेत. त्यांना तीन तासांच्या दोन आणि दोन तासांच्या दोन, म्हणजे चार ड्यूट्या आणि १० तास आले. मराठीच्या सूर्यवंशी मॅडम, माने सर, हिंदीचे शिकलगार सर, कुंभार मॅडम, इंग्रजीचे चौगुले सर, देसाई मॅडम आणि क्रीडा विभागाचे साळुंखे सर यांना तीन तासांची एक आणि दोन तासांच्या चार, म्हणजे पाच ड्यूट्या आणि ११ तास आले. ६३ ड्यूट्या चौदा जणांत समान बसत नाहीत, त्यामुळे याहून जवळ जाता येत नाही. आधीची अर्ध्या तासाची हजेरी धरली तर १२ आणि साडेतेरा असा दीड तासाचा फरक राहतो. तो भरून काढण्यासाठी राखीव यादीत आधी दहा तासवाल्या सातही जणांची नावे घातली आणि उरलेल्या दोन दिवसांसाठीच बाकीच्यांकडे गेलो.

साळुंखे सरांबद्दल थोडे वेगळे सांगायला हवे. त्यांचा लेखी पेपर नसतो, त्यांना कुठलाच विषय आड येत नाही. त्यामुळे क्रीडाशिक्षकाला रोज ब्लॉकवर उभे करणे सगळ्यांत सोपे जाते आणि वर्षानुवर्षे तेच होत आले आहे. विषयाची अडचण नसणे म्हणजे जास्त काम करण्याची कबुली नव्हे. या वेळी त्यांना भाषाशिक्षकांइतक्याच, पाच ड्यूट्या आहेत.

| दिनांक, वार | पेपर व वेळ | पर्यवेक्षक | रिलीव्हर | राखीव |
|---|---|---|---|---|
| ६ ऑक्टो., सोम | मराठी, ११ ते २ | यादव, जाधव, मुल्ला, लोंढे, शिकलगार, चौगुले | खोत | साळुंखे |
| ७ ऑक्टो., मंगळ | हिंदी, ११ ते २ | पाटील, यादव, मगदूम, जाधव, लोंढे, देसाई | सूर्यवंशी | मुल्ला |
| ८ ऑक्टो., बुध | इंग्रजी, ११ ते २ | पाटील, खोत, मगदूम, मुल्ला, कुंभार, साळुंखे | माने | लोंढे |
| ९ ऑक्टो., गुरु | गणित भाग १, ११ ते १ | मगदूम, सूर्यवंशी, माने, कुंभार, देसाई, साळुंखे | मुल्ला | जाधव |
| १० ऑक्टो., शुक्र | गणित भाग २, ११ ते १ | लोंढे, सूर्यवंशी, शिकलगार, कुंभार, चौगुले, देसाई | जाधव | मगदूम |
| ११ ऑक्टो., शनि | विज्ञान भाग १, सकाळी ८ ते १० | पाटील, लोंढे, सूर्यवंशी, माने, देसाई, साळुंखे | शिकलगार | यादव |
| १३ ऑक्टो., सोम | विज्ञान भाग २, ११ ते १ | खोत, मुल्ला, शिकलगार, कुंभार, चौगुले, साळुंखे | यादव | पाटील |
| १४ ऑक्टो., मंगळ | इतिहास-राज्यशास्त्र, ११ ते १ | मगदूम, सूर्यवंशी, माने, कुंभार, चौगुले, साळुंखे | पाटील | खोत |
| १५ ऑक्टो., बुध | भूगोल, ११ ते १ | खोत, यादव, जाधव, माने, शिकलगार, चौगुले | देसाई | कुंभार |

स्वतःच्या विषयाच्या पेपरला कुणालाही ब्लॉक, रिलीव्हर किंवा राखीव यांपैकी काहीही दिलेले नाही. बोर्डाच्या परीक्षेत ही पद्धत आपण पाळतोच. शाळेच्या परीक्षेत मात्र ‘घरचाच पेपर आहे’ म्हणून सोडून देतो. वर्गातला मुलगा गणिताच्या पेपरला गणिताच्या सरांकडे केविलवाणे बघतो, तेव्हा ‘प्रश्न नीट वाच’ एवढे म्हणतानाही सरांचे बोट नेमक्या ओळीवर जाते. त्यात वाईट हेतू नसतो, पण शेजारच्या ब्लॉकमधल्या मुलाला ते बोट मिळत नाही. शिवाय पुढे गुणांवरून पालकांनी शंका घेतली तर त्या शिक्षकाला स्वतःचा बचाव करता येत नाही. हा नियम मुलांइतकाच आपल्यालाही जपतो.

‘स्वतःचा विषय’ यंदाच्या वेळापत्रकावरून ठरवला आहे, नेमणुकीच्या आदेशावरून नाही. कुंभार मॅडम हिंदीच्या आहेत, पण नववी ब ला मराठीही शिकवतात. म्हणून त्यांना ६ आणि ७ या दोन्ही तारखा मोकळ्या आहेत. असा दुसरा विषय आणखी कुणाकडे असेल आणि माझ्या नजरेतून सुटला असेल तर आजच सांगावे.

ज्यांचा पेपर आहे त्या विषयशिक्षकांनी पहिला अर्धा तास परीक्षा कक्षात थांबावे. छपाईची चूक किंवा आकृतीतली त्रुटी निघाली तर पर्यवेक्षकाने रिलीव्हरमार्फत चिठ्ठी पाठवायची. विषयशिक्षक मला दुरुस्ती लिहून देतील आणि ती सहाही ब्लॉकमध्ये एकाच शब्दांत वाचली जाईल. विषयशिक्षकांनी ब्लॉकमध्ये जाऊन समजावून सांगायचे नाही. पेपर सुटल्यावर गठ्ठे मोजून त्याच दिवशी त्यांच्या ताब्यात दिले जातील, म्हणजे तपासणी दिवाळीच्या सुट्टीवर जाणार नाही.

सलग तीन कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त ड्यूटी कुणालाही आलेली नाही. रविवार मध्ये आला तरी साखळी तुटली असे धरलेले नाही. शनिवारी सकाळी साडेसातला हजर राहायचे आहे. चौगुले सर तासगावहून आणि कुंभार मॅडम कवठेमहांकाळहून एसटीने येतात, म्हणून त्या दिवशी दोघांनाही ड्यूटी नाही.

रिलीव्हरचे काम हलके मानू नये. पुरवण्या पोचवणे, पाण्याला जाणाऱ्या मुलाबरोबर जाणे, पर्यवेक्षकाला पाच मिनिटे मोकळे करणे, हे सगळे त्याच्याकडे असते आणि दोन-तीन तासांत एकदाही बसायला मिळत नाही. नऊ दिवसांना नऊ वेगळे रिलीव्हर आहेत. मगदूम मॅडम, लोंढे सर, कुंभार मॅडम, चौगुले सर आणि साळुंखे सर यांना या वेळी हे काम आलेले नाही. द्वितीय सत्रात त्याची सुरुवात त्यांच्यापासून होईल.

ब्लॉक क्रमांक आधी जाहीर होणार नाहीत. हजेरीच्या वेळी, म्हणजे साडेदहाला (शनिवारी साडेसातला), स्टाफरूममध्ये चिठ्ठ्या काढल्या जातील. अपवाद एकच : लोंढे सरांची मुलगी दहावी अ मध्ये आहे आणि तिचा बैठक क्रमांक ब्लॉक ४ मध्ये आहे. लोंढे सरांच्या चारही दिवशी त्यांच्यासमोर ब्लॉक ४ ची चिठ्ठी ठेवली जाणार नाही. ही सूचना त्यांनी स्वतःहून केली, त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार.

अदलाबदल करता येईल, पण तीन गोष्टी पाहून : तीन तासांच्या बदल्यात तीन आणि दोनच्या बदल्यात दोन तासांचीच ड्यूटी घ्यावी, दोघांपैकी कुणाचाही स्वतःचा विषय येऊ नये आणि कुणाचेही सलग तीनपेक्षा जास्त दिवस होऊ नयेत. एक बदल वरच्या तक्त्यात आधीच घेतला आहे. चौगुले सरांच्या द्राक्षबागेची छाटणी ९ तारखेला धरली आहे आणि मजूर ठरले आहेत. छाटणी एक-दोन दिवस पुढे ढकला, असे बागायतदाराला सांगण्यात अर्थ नसतो. शिकलगार सर आपली १५ तारीख देऊन ९ घ्यायला लगेच तयार झाले. पण तसे केले असते तर त्यांना ९, १०, ११ आणि १३ अशा सलग चार ड्यूट्या झाल्या असत्या. सूर्यवंशी मॅडमनी १५ तारीख देऊन ९ घेतली. त्यांचे ९, १०, ११ असे तीनच दिवस सलग येतात आणि चौगुले सरांचे १३, १४, १५. दोघांचेही तास ११ च राहिले.

बदल परस्पर तोंडी करू नये. दोघांनी सही करून चिठ्ठी आदल्या दिवशी दुपारी चारपर्यंत माझ्याकडे द्यावी. अचानक गैरहजेरी आली तर त्या दिवशीचे राखीव शिक्षक जातील. म्हणून राखीव शिक्षकांनीही हजेरीच्या वेळी स्टाफरूममध्ये असावे. बदली म्हणून काम केलेले तास त्यांच्या नावावर लिहिले जातील आणि द्वितीय सत्राच्या वाटपातून वजा होतील. जे गैरहजर राहिले त्यांच्या नावावर तेवढे तास बाकी राहतील. आजारपण किंवा घरातले दुःख असेल तर बाकी लिहिली जाणार नाही. हा निर्णय मुख्याध्यापिका मॅडमशी बोलून घेतला आहे.

हरकत किंवा दुरुस्ती मंगळवार ३० सप्टेंबरला शाळा सुटेपर्यंत लेखी द्यावी. दसऱ्याच्या सुट्टीआधी, १ ऑक्टोबरला, अंतिम तक्ता स्टाफरूमच्या फलकावर लागेल. सोबतच्या वहीत प्रत्येकाने आपल्या तारखा पाहून नावापुढे सही करावी.

आपला,
परीक्षा विभागप्रमुख

मान्य,
मुख्याध्यापिका