हंपीला निघण्याआधी: गाडीच्या बॅटरीची आणि चार्जिंगची यादी

दादा, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला निघायचं आहे. रत्नागिरी, आंबा घाट, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी करत होस्पेट, म्हणजे पाचशे किलोमीटरच्या आसपास, आणि सोबत आई-बाबा नि मुलं. बॅटरी सहसा धावत्या गाडीत दगा देत नाही, मुक्कामानंतरच्या सकाळी देते. म्हणून ही यादी आठ दिवस आधीच हातात घे. बॅटरी बदलायची वेळ आलीच तर ती इथे बदललेली बरी.

आठ दिवस आधी, सकाळी, गाडी सुरू न करता

☐ गाडी रात्रभर उभी असावी. मल्टिमीटर डीसी २० वर ठेव, लाल टोक प्लसला, काळं मायनसला. १२.६ व्होल्ट किंवा वर आलं तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ आलं तर चार्जर लावून घे. १२.२ म्हणजे जवळजवळ निम्मी रिकामी. गाडी फिरवून आल्यावर लगेच मोजू नकोस, आकडा फुगलेला दिसतो.

☐ वहिनीला स्टार्ट मारायला सांग आणि तू मीटर बघ. बॅटरी भरलेली असूनही स्टार्टर फिरताना आकडा ९.६ च्या खाली गेला, तर बॅटरी थकली आहे. पुन्हा चार्ज करून वेळ काढू नकोस.

☐ आपली बॅटरी २०२१ ची आहे. आपल्याकडच्या उकाड्यात तीन ते पाच वर्षं हेच तिचं आयुष्य. बदललीस तर ईएफबीच घे. आपल्या गाडीत सिग्नलला इंजिन आपोआप बंद होतं, त्या कामाला साधी बॅटरी लवकर मरते. दुकानदार स्वस्तातली पुढे करेल, तिला नाही म्हण.

☐ टर्मिनल. यावर सगळ्यात जास्त वेळ दे. घर मांडवीला, समुद्रावरची खारी हवा पावसाळाभर बोनेटमध्ये शिरलेली, त्यामुळे टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरलेली असणारच. तिच्यामुळे चांगली बॅटरीसुद्धा मेल्यासारखी वागते. दहाच्या पान्याने आधी मायनस सोडव, मग प्लस. गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घास, पुसून कोरडं कर. लावताना आधी प्लस, मग मायनस. हाताने हलवून बघ, जराही फिरता कामा नये. वरून व्हॅसलिनचा पातळ हात दे. मायनसच्या वायरचं दुसरं टोक बॉडीला जिथे बोल्टने बसतं तिथला गंजही काढ, मेकॅनिक ती जागा हमखास विसरतात. घड्याळ आणि खिडक्यांचं ऑटो नंतर पुन्हा सेट करावं लागेल.

☐ बॅटरी खाली आवळलेली आहे ना? घाटातल्या हादऱ्यांनी आतल्या प्लेटा सैल होतात.

☐ उंदीर. गाडी माडाखाली महिनाभर उभी होती. वायरी कुरतडल्यात का, टॉर्च मारून नीट बघ.

☐ बॅटरीजवळ विडी-काडी नको, चार्ज होताना हायड्रोजन निघतो.

गाडी सुरू करून

☐ इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दिसायला हवं. मग हेडलाइट, वायपर, एसी, मागच्या काचेचा हीटर सगळं लाव. आकडा १३ च्या खाली घसरून तिथेच राहिला, तर अल्टरनेटर दाखवून घे. १५ च्या वर राहत असेल तरी दाखव, त्याने बॅटरी शिजते. आपल्या गाडीचा अल्टरनेटर गरज नसली की स्वतःच चार्जिंग कमी करतो, त्यामुळे भार न टाकता दिसलेल्या कमी आकड्याने घाबरू नकोस.

☐ अल्टरनेटरचा पट्टा: चिरा, तेल, सुरुवातीची किंचाळी. यातलं काही असेल तर बदल.

आदल्या रात्री

☐ डॅशकॅमची वायर कायम चालू असलेल्या सॉकेटला नको.
☐ किल्लीतला सेल नवा, सीआर २०३२, एक जादा.
☐ जंपर केबल डिकीत वरच ठेव, बॅगांखाली नको. जोडायचा क्रम: लाल आपल्या प्लसला, लाल त्यांच्या प्लसला, काळी त्यांच्या मायनसला, आणि शेवटची काळी आपल्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. काढताना उलट.
☐ मुलांना सांगून ठेव: जेवायला थांबलो की टॅब आणि फ्रिजची पेटी सॉकेटमधून काढायची. आतला दिवाही बघायचा.

वाटेत

☐ डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा पेटला तर चार्जिंग थांबलं आहे. सुरक्षित जागी घेऊन बोनेट उघड. पट्टा तुटलेला असेल तर पुढे नेऊ नकोस, आपल्याकडे पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर आहे, इंजिन तापेल. पट्टा शाबूत असेल तर एसी, म्युझिक, चार्जर सगळं बंद कर आणि इंजिन बंद न करता जवळचा मेकॅनिक गाठ. स्टीअरिंग विजेवर चालतं, जड लागायला लागलं की पुढचं गाव येईपर्यंत वाट न बघता कडेला घे. घाटात असाल तर वळणावर थांबू नका.