भाड्याच्या वहीतून

नमस्कार मंडळी. बसा, बसा. निवृत्तीच्या दिवशी ऑफिसात मी भाषण टाळलं होतं, आज मात्र घर सोडून निघालेल्या माझ्या या दोघा भाडेकरूंनी, दादा आणि ताईंनी, टाळू दिलं नाही. म्हणून आधाराला ही भाड्याची वही घेऊन आलोय.

२००८ चं पान. माझ्याच अक्षरात लिहिलंय : "नवरा-बायको. सामान कमी. बोलणंही कमी. वर्षभर बघू." ते बघणं १७ वर्षं चाललं.

मी काही सोपा घरमालक नव्हतो. भिंतीला खिळा ठोकायचा तरी विचारून, रात्री दहानंतर मिक्सर बंद. ताई, तुम्ही हसताय, पण तेव्हा हसत नव्हतात! भाडं मात्र कधी मागावं लागलं नाही. एकदाच उशीर झाला, दादांची नोकरी गेली होती तेव्हा. दोन महिन्यांनी सगळी रक्कम पाकिटात घालून आणून दिली आणि वर पावती मागितली. मला त्या पावतीवर सही करताना लाज वाटली होती.

करारात 'भिंती, दारं खराब करू नयेत' असं एक कलम आहे. आतल्या खोलीच्या दाराची चौकट बघा. पेन्सिलच्या रेघा, शेजारी तारखा. मोठीच्या डावीकडे, धाकट्याच्या उजवीकडे. धाकट्याची एक रेघ खोटी आहे, तो टाचा उचलून उभा होता, मी पाहिलंय. मागच्या रंगकामाला रंगारी ब्रश घेऊन तिथे पोचला, तेव्हा त्याला मीच थांबवलं. ती चौकट तशीच राहणार. नव्या भाडेकरूला आधीच सांगून ठेवलंय.

हिच्या शेवटच्या आजारपणात रात्री-अपरात्री मी जिन्यात नुसता उभा राहिलो तरी वरचं दार उघडायचं. त्यावर जास्त बोलायला लागलो तर पुढचं बोलता येणार नाही.

आता हिशेब. डिपॉझिट पूर्ण परत दिलंय, एक पैसा कापलेला नाही. उलट माझ्याकडेच एक बाकी निघते. गॅलरीतल्या नळाची तोटी तुटली, पाणी खाली आलं, माझ्या छताला ओल धरली. मी तुम्हाला चारचौघांत बोललो आणि प्लंबरचे पैसेही घेतले. दादा, ती तोटी तुम्ही गावाला गेला होतात तेव्हा मीच फिरवून बघताना तोडली होती. नऊ वर्षं सांगायचं राहिलं. हिला ठाऊक होतं, ती म्हणायची, "सांगून टाका." हे घ्या प्लंबरचे पैसे. पावती नको.

टेम्पो सकाळी सातला येतोय ना? मग पंप मी सहालाच लावतो. निघायच्या आधी सगळ्यांच्या आंघोळी होऊ देत.