फ्लॅट विकल्यामुळे वार्षिक करार बंद करणे व उरलेल्या सर्व्हिसचे पैसे परत मिळणेबाबत

दि. १७ नोव्हेंबर २०२५
सदर बझार, सातारा

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
पेस्ट कंट्रोल विभाग,
शंभर फुटी रोड, सांगली

विषय : करार क्र. ११४७ (झुरळे व मुंग्या, वर्षाला सहा सर्व्हिस) आजपासून बंद करून चार सर्व्हिसचे रु. ४,७२० परत मिळणेबाबत.

महोदय,

विश्रामबागेतल्या आमच्या पहिल्या मजल्यावरच्या फ्लॅटसाठी मी आपल्याकडे १२ जून २०२५ ते ११ जून २०२६ असा वर्षाचा करार केला होता. सहा सर्व्हिसचे ६,००० आणि १८ टक्के जीएसटीचे १,०८० असे एकूण ७,०८० रुपये मी त्याच दिवशी यूपीआयने एकरकमी भरले. सासूबाईंच्या तब्येतीमुळे आम्हाला साताऱ्याला यावे लागले. दसऱ्याला, म्हणजे २ ऑक्टोबरला, आम्ही सामान हलवले. ७ नोव्हेंबरला खरेदीखताची नोंदणी झाली आणि ९ तारखेला किल्ल्या नव्या मालकांच्या हाती दिल्या. आता त्या घराशी आमचा संबंध उरलेला नाही, म्हणून हा करार बंद करावा.

११ तारखेला मी आपल्या ऑफिसला फोन केला, तेव्हा दोन गोष्टी सांगण्यात आल्या. त्या दोन्ही मला पटलेल्या नाहीत, म्हणून लेखी कळवते आहे.

पहिली गोष्ट, करार घराचा असतो, तो नव्या मालकांच्या नावावर करा, पैसे परत मिळत नाहीत. मी नव्या मालकांना विचारले. ते स्वयंपाकघरातला जुना ओटा आणि कपाटे काढून सगळे नव्याने करून घेणार आहेत. बिजागऱ्यांत आणि ड्रॉवरच्या कोपऱ्यांत लावलेले जेल त्या तोडफोडीत निघूनच जाणार, त्यामुळे त्यांना आत्ता सर्व्हिस नको आहे. ज्यांना नको त्यांच्या गळ्यात मी करार कशी घालू? साताऱ्यातल्या घरी सर्व्हिस द्याल का, हेही मी विचारले होते, पण इकडे आपली माणसे येत नाहीत असे उत्तर मिळाले. पावतीच्या मागच्या सगळ्या अटी मी दोनदा वाचल्या. करार मध्येच बंद केल्यास पैसे मिळणार नाहीत, असे त्यात कुठेही नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. तीन सर्व्हिस झाल्या, तीनच बाकी आहेत, असे सांगितले गेले. १६ ऑक्टोबरला मला ‘सर्व्हिस पूर्ण झाली’ असा मेसेज आला होता, हे खरे. पण त्या दिवशी फ्लॅटला कुलूप होते आणि दोन्ही किल्ल्या साताऱ्यात माझ्याकडे होत्या. आत कोणी गेलेच नाही, तर जेल लावले कुठे? मेसेज आल्याबरोबर मी फोन केला होता, ‘बघून सांगतो’ म्हणाले, पण पुढे कोणी कळवले नाही. सर्व्हिस कार्डावर माझ्या सह्या दोनच आहेत, १४ जून आणि १८ ऑगस्ट. न झालेली सर्व्हिस झाली म्हणून लिहिणे बरोबर नाही. ती नोंद दुरुस्त करावी.

झालेल्या दोन सर्व्हिसबद्दल माझी तक्रार नाही. आलेल्या मुलाने मन लावून काम केले. जेल पुसू नका, त्यावर घरचा स्प्रे मारू नका, नाहीतर झुरळे जेल खाणार नाहीत, हे त्याने नीट समजावले आणि पंधरा दिवसांत फरक दिसला. त्याचे पैसे तुमचेच. पावतीवर दर सर्व्हिसला १,००० रुपये असा दर लिहिलेला आहे. त्याप्रमाणे चार सर्व्हिसचे ४,००० आणि त्यावरचा जीएसटी ७२० असे ४,७२० रुपये येणे आहेत. जी सेवा दिलीच नाही तिचा करही माझ्यावर पडायला नको, म्हणून तेवढ्या रकमेची क्रेडिट नोट काढावी.

वाळवीचे काम यात धरू नये. मार्च २०२४ मध्ये भिंतींच्या कडेने भोके पाडून औषध सोडले होते, ते काम पूर्ण झाले आहे आणि त्याचे पैसे मी मागत नाही. त्याची तीन वर्षांची हमी मात्र मार्च २०२७ पर्यंत आहे. ती नव्या मालकांच्या नावावर करून द्यावी. फ्लॅट विकताना मी त्यांना तसा शब्द दिला आहे. चौकटीला पुन्हा वाळवी लागली आणि तुम्ही हात वर केलेत, तर मी खोटी पडेन.

रक्कम ज्या खात्यावरून आली त्याच खात्यावर ५ डिसेंबरपर्यंत जमा करावी. माझा मोबाईल नंबर तुमच्या नोंदीत आहे तोच आहे. तोपर्यंत उत्तर आले नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन.

सोबत पावती, सर्व्हिस कार्डाच्या दोन्ही बाजू, १६ ऑक्टोबरच्या मेसेजचा फोटो, खरेदीखताची सूची क्र. २ आणि वाळवीच्या हमीपत्राची प्रत जोडली आहे.

आपली,
सौ. सुनंदा पाटील