रविवारच्या लग्नाचं पार्किंग: कुठली गाडी कुठं, आणि भरलं तर काय

राम राम मंडळी. येत्या रविवारी २६ एप्रिलला आपल्याकडे सामूहिक लग्न आहे, ११ जोडपी, लग्न लागायची वेळ ११.४०. गाड्यांची नोंदणी गुरुवारी रात्री बंद केली, आता आकडे हातात आहेत. हा मेसेज पार्किंगला उभ्या राहणाऱ्या सगळ्या पोरांसाठी आणि गावोगावच्या नोंदणी करणाऱ्यांसाठी आहे, पूर्ण वाचा, अर्धा वाचून फोन करू नका.

नोंदलेल्या गाड्या: चारचाकी ४१२, दुचाकी ६५५, ट्रॅव्हल्स आणि बस १४, पिकअप-टेम्पो-ट्रॅक्टर मिळून ४६.

आता हे आकडे जसेच्या तसे धरायचे नाहीत. गेल्या वर्षी चारचाकी २६० नोंदल्या होत्या आणि आल्या ३३८, म्हणजे शंभरामागे ३० जास्त. दुचाकी ४०० नोंदल्या आणि ७२० आल्या, कारण जवळच्या गावचा माणूस मोटरसायकलची नोंद कशाला करेल, किक मारतो आणि येतो. म्हणून यंदा चारचाकीला सव्वापट नाही तर १.३ पट धरलंय, दुचाकीला १.८ पट, पिकअप-ट्रॅक्टरला सव्वापट, आणि बस फक्त दोन जास्त, कारण बस ठरवलेली असते, ती आयत्या वेळी उगवत नाही.

जागेचा हिशोब गुंठ्यावर केलाय. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. कार नुसती उभी करायला थोडीच जागा लागते पण तिला वळायला, दार उघडायला, मागची निघायला रस्ता लागतो, तो धरून गुंठ्यात ४ बसतात. वावरात पट्टे नसतात आणि प्रत्येकजण आपापल्या हिशोबाने लावतो, त्यामुळे ३ च धरल्यात. दुचाकी गुंठ्यात २५, बसला एक गुंठा, पिकअप-ट्रॅक्टर गुंठ्यात २.

१) शाळेचं ग्राउंड, २५ गुंठे. इथे फक्त लाल चिठ्ठी. नवरा-नवरीच्या गाड्या, म्हातारी माणसं, अपंग, आणि भटारखान्याचा माल. ४८ चिठ्ठ्या वाटल्यात, त्यावर एकही वाढणार नाही, कोणाचाही फोन आला तरी नाही. ग्राउंडवर ७५ बसतील तरी आपण ६० च्या वर जायचं नाही, कारण गेटपासून मंडपापर्यंतचा रस्ता ॲम्ब्युलन्ससाठी मोकळा पाहिजे.

२) पारोळा रोडचं आबांचं हरभऱ्याचं वावर, ३ एकर, ३६० गाड्या. पिवळी चिठ्ठी. धुळे, जळगाव, एरंडोल, भडगाव, चाळीसगाव, पाचोरा, म्हणजे जे जे पारोळ्यावरून येणार ते सगळे. नोंद २३६, येतील अंदाजे ३०७.

३) अमळनेर रोडचं दादर ज्वारीचं वावर, दीड एकर, १८० गाड्या. हिरवी चिठ्ठी. चोपडा, शिरपूर, शहादा, दोंडाईचा आणि अमळनेर. नोंद १२८, येतील १६७. हे वावर जवळजवळ भरणारच आहे असं धरूनच चाला.

४) दुचाकी ११८० धरल्यात, त्यांना ४८ गुंठे लागतात. बाजारपट्टीचं पटांगण ३० गुंठे, त्यात ७५०, आणि मागची खळवाडी २० गुंठे, त्यात ५००. आधी पटांगण भरा, मग खळवाडी. हँडल लॉक करायचं नाही असं प्रत्येकाला सांगा, नाहीतर मधली एक गाडी काढायला दहा गाड्या उचलाव्या लागतात.

५) बस, ट्रॅव्हल्स, पिकअप, ट्रॅक्टर: जिनिंगचं आवार, ५० गुंठे, मुरूम टाकलेला आहे. बसने माणसं मंडपाच्या कमानीजवळ उतरवायची आणि लगेच आवारात जायचं, कमानीजवळ २ मिनिटांच्या वर थांबायचं नाही. मागच्या शेडमध्ये अजून कापसाच्या गाठी आहेत, ड्रायव्हर लोकांना आत बिडी ओढू द्यायची नाही, त्यांना बाहेर निंबाखाली बसायला सतरंजी आणि पाण्याचा जार ठेवलाय. वीजेची तार पूर्वेच्या कोपऱ्यात खाली लोंबते, त्या कोपऱ्यात ट्रॅव्हल्स नको, तिथे पिकअप लावा.

बाजू का वाटून दिल्या ते समजून घ्या. पारोळ्याकडची गाडी अमळनेरच्या वावरात जायची म्हटलं तर तिला अख्खं गाव ओलांडावं लागतं, आणि आपली गल्ली एका बैलगाडीची आहे. एक गाडी समोरासमोर आली की संपलं. त्यामुळे कोणी कितीही ओळखीचा असला तरी बाजू बदलायची नाही.

गेल्या वर्षीचं ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको, पण नवीन पोरांसाठी सांगतो. दुपारी दीडला एक आजी मंडपात चक्कर येऊन पडल्या, ऊन ४३ च्या वर होतं. गाडी होती, ड्रायव्हर होता, पण गाडीच्या मागे एक पांढरी कार आडवी लावलेली आणि तिचा मालक पंगतीत. मी स्वतः माईकवर गाडीचा नंबर चार वेळा पुकारला. मालक हात धुऊन येईपर्यंत २५ मिनिटं गेली, तोपर्यंत आजींचा मुलगा त्यांना मांडीवर घेऊन ओल्या उपरण्याने तोंड पुसत होता. आजी वाचल्या. मला मात्र त्या २५ मिनिटांनंतर वरण-बट्टीचा घास गेला नाही. म्हणून यंदा दोन गोष्टी पक्क्या. एक, कुठल्याही गाडीच्या मागे आडवी गाडी नाही. दोन, काचेवरच्या चिठ्ठीवर मोबाईल नंबर लिहिलेला नसेल तर गेटवरच मार्कर देऊन लिहून घ्यायचा.

गेटचं बघा. पारोळा बाजूला निम्म्याहून जास्त गाड्या १० ते ११ या एका तासात येतील, १८० धरा, म्हणजे मिनिटाला ३. एका गाडीला गेटवर २० सेकंद लागले तरी एक गेट कसंबसं पुरतं, आणि कोणी काच खाली करून 'काय भो, कसं काय' सुरू केलं की रांग हायवेकडे जाते. म्हणून त्या वावराला दोन गेट केलीयेत. गेटवर फक्त रंग बघा आणि हात दाखवा. चिठ्ठी नसलेली गाडी परत पाठवायची नाही, वाद घालायचा नाही, ती सरळ शेवटच्या ओळींत, तिथे उभा असलेला पोरगा तिचा नंबर लिहून घेईल.

आता भरलं तर काय. मोजायचं ओळीवर, डोळ्याने अंदाज नाही. पारोळ्याच्या वावरात एका ओळीत २० गाड्या, १८ ओळी. १६ वी ओळ भरली, म्हणजे ३२० झाल्या, की लगेच फोन, आणि पुढची गाडी दादांच्या कपाशीच्या वावरात. ते २ एकर आहे, २४० गाड्या बसतात, सव्वा किलोमीटर पारोळ्याकडे. पऱ्हाटी उपटून रोटाव्हेटर मारलाय, तरी खुंट राहिलेत का ते शनिवारी चालून बघणार आहोत, कारण एक खुंट टायरात गेला की शिव्या आपल्यालाच. तिथून मंडपापर्यंत शाळेच्या दोन बस फिरतील, दर १० मिनिटांनी. एवढ्या उन्हात म्हाताऱ्या बाईला सव्वा किलोमीटर चालवायचं नाही.

अमळनेर बाजूला ओळीत १५, ओळी १२. तिथे १० वी ओळ भरली, १५० झाल्या, की वीटभट्टीजवळचं ३० गुंठे पडीक उघडायचं, ९० गाड्या बसतात, ६०० मीटर आहे, चालत येता येतं पण एक बोलेरो म्हाताऱ्यांसाठी ठेवलीये. पूर्ण भरेपर्यंत थांबू नका. शेवटच्या दोन ओळी चिठ्ठी नसलेल्यांसाठी आणि चुकून आत शिरलेल्यांसाठी आहेत. गाडी रस्त्यावर थांबवून 'थांबा, विचारतो' म्हणायची वेळ आली की समजा आपण उशीर केलाय. तिथे उभ्या पोरांनी शांतपणे एवढंच म्हणायचं: "भाऊ, आठे जागा नई शे, पुढला वावरमा चला, गाडी शे तठे."

पाऊस. एप्रिलमधला अवकाळी आपल्याला नवीन नाही आणि आपली सगळी माती काळी आहे, एक सर पडली की कार चाकापर्यंत रुतते आणि ट्रॅक्टर लावून ओढावी लागते. निर्णय शनिवारी संध्याकाळी ६ ला वावरात उभं राहून करू. मूठभर माती घेऊन दाबली आणि गोळा झाला तर चारही वावरं बंद. मग पारोळ्याकडच्या गाड्या पारोळ्यातच एका मंगल कार्यालयाच्या सिमेंटच्या आवारात थांबतील, बोलणं झालंय, आणि तिथून आपल्या ६ बस फिरतील. अमळनेर बाजूच्यांनी त्या दिवशी चार-चार जण एका गाडीत या, नोंदणी करणाऱ्यांनी शनिवारी रात्रीच फोन लावायचे, रविवारी सकाळी नाही.

आग आणि विहीर, या दोन गोष्टींसाठी हात जोडतो. हरभऱ्याचा भुसा आणि दादरचे वाळलेले खुंट, त्यावर तापलेला सायलेन्सर, एवढं पुरतं. दोन्ही वावरांत शुक्रवारी पाला ओढून घ्यायचा, प्रत्येक वावरात पाण्याचा टँकर आणि भरलेले ३-३ फवारणी पंप. आबांच्या वावरात उत्तरेच्या बांधाला कठडा नसलेली विहीर आहे, तिच्यापासून ५० फुटांवर दोर आणि दोराच्या आत दोन रिकाम्या ट्रॉल्या आडव्या. लहान पोरं गाडीतून उतरली की आधी विहिरीकडेच पळतात, तिथे एक माणूस दिवसभर हलणार नाही.

निघताना खरी गर्दी असते, येताना लोक तीन तासांत येतात आणि जाताना एका तासात निघतात. १.४५ ला आधी बस सोडायच्या. मग पारोळ्याचं वावर, ज्या ओळी गेटजवळ त्या आधी, आणि बाहेर पडायला आलेला रस्ता नाही, मागची गाडवाट, ती पुढे डांबरीला लागते. त्या वेळी गाडवाटेने कोणी आत यायचं नाही, तोंडावर दोन जण उभे करा.

माणसं ४४: शाळा ४, आबांचं वावर १४, दादरचं ८, दुचाकी ८, जिनिंग ५, कपाशीचं वावर ३, वीटभट्टी २. प्रत्येकाला टोपी, शिट्टी, पाण्याची बाटली आणि ओआरएसची पुडी. सकाळी ११ नंतर दर तासाला माणूस बदलायचा. जेवण तुमचं वेगळं काढून ठेवलंय, पंगत संपली म्हणून कोणी उपाशी राहणार नाही.

शनिवारी दुपारी ४ ला आबांच्या वावरात सगळे या. चुन्याच्या फक्कीची १२ पोती आणि सुतळी येतेय, ओळी आपणच आखायच्या, येताना घमेलं आणि टेप घेऊन या.