जिजीचा बेत

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी सगळ्यांनी फैजपूरच्या घरी जमायचं, हे दिवाळीतच ठरलं होतं. जेवायला काय करायचं, ते मात्र ठरता ठरेना. मितालीनं घरच्या ग्रुपवर सहज विचारलं, ‘कुणाला काय खायचंय?’ आणि सकाळी उठून बघते तर मेसेजचा ढीग.

जिजी ओसरीवर तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसली होती.

“वाच एकेक,” ती म्हणाली. “आणि कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून काढ. मोबाइलमधलं मला दिसत नाही.”

पहिला मेसेज थोरल्याचा, प्रकाशचा. पुण्यात पस्तीस वर्षं काढली तरी मागणं तेच: भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या. ‘वांगी बामणोदचीच, आणि गॅसवर भाजलेली चालणार नाहीत.’ सुनंदा नाशिकहून लिहीत होती, ‘वरण-बट्टी. सोबत घोटलेली वांग्याची भाजी. बाकी काही नको.’ किशोरला शेवभाजी हवी होती, कपाळावर घाम फुटेल इतकी तिखट. दुबईच्या तेजसला खापरावरचे मांडे आणि आमरस.

“आमरस?” जिजीचे हात थांबले. “अरे, आंब्याला अजून मोहोर यायचाय!”

“तो म्हणतो, डब्यातला रस मिळतो.”

“त्याला लिही, अक्षय तृतीयेला ये. तेव्हा मांडेही करीन आणि रसही काढीन. डब्यातल्या रसासाठी मी खापर चुलीवर ठेवत नसते.”

मितालीनं लिहिलं. पुढे पिल्लू मंडळींची पावभाजी, पूनमचं ‘काकू, गंगाफळाची भाजी कराच’, शकूमावशीचं ‘मी माळ घातलीय, माझ्यात कांदा-लसूण नको’. जावईबापूंनी एवढंच लिहिलं होतं, ‘काहीही चालेल.’

“हे सगळ्यात अवघड,” जिजी म्हणाली. काहीही चालणाऱ्या जावयाच्या पानात काय कमी पडलं, ते सुनंदाच्या तोंडून पुढची दोन वर्षं ऐकावं लागतं, हे तिला ठाऊक होतं.

वैशालीनं मधला मार्ग सुचवला होता. एखाद्या केटररला सांगू, पन्नास पानांचं तो बघून घेईल, तुम्ही निवांत बसा. वैशाली मायेनंच म्हणत होती. जिजीचे गुडघे तिनंच दोन वर्षं शेकले होते. पण जिजीनं नुसती मान हलवली. पाहुण्यांना जेवू घालणं वेगळं आणि घरच्यांना वाढणं वेगळं, असं तिचं मत, आणि ते बरोबरच आहे.

मग ती खरी कामाला लागली. तिनं पदार्थ बाजूला ठेवले आणि आधी माणसं मोजली, मग चुली, मग हात. पुऱ्या तळायच्या आणि बट्ट्याही तळायच्या, तर दोन कढया आणि दोन बायका तिथेच अडकणार. सुनंदा शनिवारी दुपारीच येणार होती. मग बट्टी शनिवारी रात्री, लवकर येणाऱ्या वीस जणांसाठी. जाडसर दळलेले गहू, त्यात थोडा मका, ओवा, हळद. उकडून, कापून, तळून. वरणावर तूप सुनंदानंच वाढायचं, म्हणजे तिचा हात आखडणार नाही. घोटलेली भाजी तेव्हाच होईल.

रविवारचा मान भरिताचा. यावर वाद नव्हता. थंडीत खानदेशात माणसं जमली आणि भरीत झालं नाही, तर जमली कशाला?

“बारा किलो वांगी,” जिजी सांगू लागली. “हिरवी, लांब, हातात हलकी लागतील अशी. जड वांगं बियांचं निघतं. प्रकाशला म्हणावं, गॅसवर नको ना तुला? मग सकाळी आठला मळ्यात जा. पऱ्हाट्या रचून ठेवल्यात. किशोरला घे, तेजसला घे. वांग्यांना टोचे मारून तेलाचा हात लावायचा, आणि जाळ भडकला की पळून जायचं नाही. मिरच्या-लसूण त्याच जाळावर.”

“पुरुष मंडळी भाजतील?”

“पहिल्यापासून तेच भाजतात. सोलायला मात्र मुलांना बसव. बोटं भाजली की फुंकर मारतात, हसतात, तेवढंच एकमेकांशी बोलतात. ठेचायची बडजी माळ्यावर आहे, ती आधी धुऊन उन्हात ठेव. आणि शकूचं भरीत लसूण पडायच्या आधी काढून ठेवायचं. कांद्याची पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप नंतर बाकीच्यांच्या फोडणीत.”

शेवभाजीला तिनं सरळ काट मारली. किशोरसाठी जाड तिखट शेव वाटीत ठेवायची, भरितावर घालून खाईल. गंगाफळ करणं सोपं, ते राहिलं; शकूच्या पानातही चालेल. पावभाजी पोरांना परत गेल्यावर रोजच मिळते.

“झालं?” मितालीनं पेन बंद केलं.

“भास्करचं काय आलंय?”

मितालीनं मोबाइल वर-खाली केला. भास्करआबांचा काही मेसेज नव्हता. त्यांच्या मुलानं लिहिलं होतं, ‘आम्ही चौघं येतोय. आबांचं काही विशेष नाही.’

विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोन भावांत बोलाचाली झाली, तेव्हापासून भास्कर या घराची पायरी चढला नव्हता. थोरले भाऊ गेले तेव्हा आला, तोही ओट्यावरूनच परतला. जिजी या घरात नवरी म्हणून आली तेव्हा तो चौथीत होता. सासूबाई आजारी, घरात दुसरी बाई नाही. जिजी पाट्यावर डाळ वाटायला बसली की हा समोर येऊन बसायचा. तिच्या हातातला वरवंटा ओढून घ्यायचा आणि फुनके चाळणीतून उतरले की कढीची वाट न बघता, वाफ निघत असताना, नुसते खायचा. जिभेला चटका बसला तरी पुढचा उचलायचा.

“लिही,” जिजी म्हणाली. “फुनके-कढी.”

“जिजी, हे कुणीच मागितलं नाही.”

“तूरडाळ दोन किलो, हरभऱ्याची एक. शनिवारी दुपारी भिजवायची.”

“शनिवारी बट्टी, रविवारी भरीत, वर फुनके? वाटायचं कुणी? मिक्सरमध्ये—”

“मिक्सरमध्ये डाळ गुळगुळीत होते. फुनके दडस बसतात. पाट्यावरच वाटायला हवी.” जिजीनं शेंगांची परात बाजूला सारली. “भास्करला फोन लाव.”

मितालीनं तिच्याकडे पाहिलं, मग नंबर शोधला. तिकडे बराच वेळ घंटी वाजत राहिली.

“भास्कर, मी बोलतेय. रविवारी फुनके करायचे आहेत, आणि माझ्या मनगटात आता वरवंटा धरायचा जोर नाही. तू शनिवारी संध्याकाळीच ये. डाळ तुलाच वाटावी लागेल.”

पलीकडून काहीच आवाज येईना. मितालीला वाटलं, फोन कट झाला. जिजी मात्र कानाला धरून बसून राहिली.

“वहिनी,” भास्करआबांचा घोगरा आवाज आला, “किती डाळ घेताय?”

“तीन किलो.”

“चार घ्या. आपल्याकडे फुनके कधी पुरले आहेत का?”