ओहमचा नियम आणि विद्युत शक्ती: मिली, किलो, मेगाची सरावपत्रिका

इयत्ता दहावी, विज्ञान. रविवारचा वर्ग, परळ.
वेळ दीड तास. कॅल्क्युलेटर आणू नका, आकडे हाताने सुटतील असेच घेतले आहेत.

मुलांनो, मागच्या रविवारी एक साधं उदाहरण दिलं होतं. 9 V ची बॅटरी, तिला 4.7 kΩ चा रोध जोडला, तर धारा किती? बऱ्याच वह्यांत उत्तर आलं 1.9 A. भागाकार बरोबर, सूत्रही बरोबर, पण किलो कुठेतरी वाटेत गळला. 1.9 अँपिअर म्हणजे घरचा मिक्सर चटणी वाटताना साधारण जेवढी धारा घेतो तेवढी. लॅमिंग्टन रोडवर मूठभर मिळणाऱ्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या रोधातून ती जाईल का? खरं उत्तर 1.9 mA, म्हणजे हजारपट कमी. आजची पत्रिका या एका चुकीसाठी आहे.

सूत्रं तुम्हाला पाठ आहेत, फक्त समोर असू द्या:

V = IR
P = VI = I²R = V²/R

आणि उपसर्ग:

m (मिली) = 10⁻³
k (किलो) = 10³
M (मेगा) = 10⁶

लहान m आणि मोठा M यांच्यात 10⁹ पटींचा फरक आहे, म्हणजे शंभर कोटी पट. 5 mW आणि 5 MW लिहिताना हात घाईत असला तरी अक्षर घाईत नको. किलोचा k नेहमी लहान, कारण मोठा K केल्विनसाठी राखलेला आहे. बोर्डाच्या पेपरात एकक चुकलं तर गुण जातात, पण मला त्याहून जास्त काळजी पुढे हातात खरं मीटर धराल तेव्हाची आहे.

काम कसं करायचं

उदाहरण वाचलं की आकडा सूत्रात टाकण्याआधी उपसर्गाच्या जागी दहाचा घात लिहा. 4.7 kΩ दिसलं की लगेच 4.7 × 10³ Ω. एवढं केलं तरी निम्म्या चुका थांबतात.

हात बसला की जोड्या वापरा. व्होल्टला किलो-ओहमने भागलं की उत्तर थेट मिलीअँपिअरमध्ये येतं. व्होल्ट गुणिले मिलीअँपिअर म्हणजे मिलीवॅट. किलोव्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे किलोवॅट. V² ला किलो-ओहमने भागलं तरी मिलीवॅटच येतात. पाठ करू नका, घात मांडून एकदा स्वतः सिद्ध करा, मग विसरणार नाही.

सोडवलेलं उदाहरण 1: वर्ग करताना

2 kΩ रोधातून 15 mA धारा वाहते. शक्ती किती?

P = I²R
= (15 × 10⁻³)² × (2 × 10³)
= 225 × 10⁻⁶ × 2 × 10³
= 450 × 10⁻³ W = 450 mW

इथे 15 चा वर्ग सगळे करतात, 10⁻³ चा वर्ग करायला विसरतात. मग उत्तर येतं 450 W. वर्ग कंसाबाहेर आहे, तो कंसातल्या सगळ्यांना लागतो.

हे उत्तर तपासून बघा. V = 15 mA × 2 kΩ = 30 V. P = 30 V × 15 mA = 450 mW. दोन वाटांनी एकच उत्तर आलं की मन निश्चिंत होतं. परीक्षेत वेळ असेल तेव्हा हे जरूर करा.

सोडवलेलं उदाहरण 2: पावसाळा आणि ओला हात

हे नीट वाचा. चाळीत, सोसायटीत, कुठेही राहत असा, जुलैत भिंतींना ओल येते आणि आपण ओल्या हातांनी बटणं दाबतो.

कोरड्या त्वचेसह शरीराचा रोध 100 kΩ मानू, आणि हात-पाय ओले असताना 2 kΩ. घरातलं विभवांतर 230 V. दोन्ही वेळा शरीरातून किती धारा जाईल?

कोरडं: I = 230 V ÷ 100 kΩ = 2.3 mA
ओलं: I = 230 V ÷ 2 kΩ = 115 mA

वीज तीच, माणूस तोच, पण रोध 50 पट घटला म्हणून धारा 50 पट वाढली. घरच्या मीटरजवळ लावतात तो आरसीसीबी साधारणपणे 30 mA ची गळती होताच वीज तोडतो. 115 mA त्याच्या जवळजवळ चौपट आहे, एवढी धारा जीव घेऊ शकते. प्रत्यक्षात शरीराचा रोध माणसागणिक आणि क्षणागणिक बदलतो, त्यामुळे कोरड्या हाताचं गणित करून कुणी तारेला हात लावायचा नाही. तो आकडा फक्त तुलनेसाठी आहे.

सोडवलेलं उदाहरण 3: आपली लोकल

3 फेब्रुवारी 1925 ला व्हीटी ते कुर्ला अशी विजेवरची पहिली लोकल धावली, 1500 V डीसीवर. आज डोक्यावरच्या तारेत 25 kV एसी असते. गाडी तारेतून 3 MW शक्ती घेते असं मानू. दोन्ही पद्धतींत धारा किती? तारेचा रोध 0.05 Ω धरला तर तारेत वाया जाणारी शक्ती किती? (एसीचे बारकावे इथे बाजूला ठेवू.)

आधी सगळं मूळ एककात: 3 MW = 3 × 10⁶ W, 25 kV = 25 × 10³ V.

जुनी पद्धत:
I = P/V = 3 × 10⁶ ÷ 1500 = 2000 A
वाया = I²R = (2000)² × 0.05 = 200000 W = 200 kW

आताची पद्धत:
I = 3 × 10⁶ ÷ (25 × 10³) = 120 A
वाया = (120)² × 0.05 = 720 W = 0.72 kW

विभवांतर साधारण 17 पट वाढलं, तर तारेतला तोटा जवळजवळ 278 पटींनी कमी झाला, कारण तोट्यात धारेचा वर्ग येतो. डीसीच्या काळात सबस्टेशनं जवळजवळ बांधावी लागत, त्याचं एक मोठं कारण हेच. खिडकीतून तार दिसली की हा I² आठवा.

एक सावधगिरी: तोटा काढताना V²/R मध्ये 25 kV टाकू नका. ते विभवांतर गाडीला मिळतं. तारेच्या दोन टोकांमधलं विभवांतर फक्त 120 × 0.05 = 6 V आहे. V²/R मधला V नेहमी त्या रोधाच्या स्वतःच्या टोकांमधला असतो.

आता तुम्ही सोडवा

1. रूपांतर करा: 0.35 A = ? mA, 0.047 MΩ = ? kΩ, 0.0036 MW = ? kW; 1500 mW = ? W.

2. 1.5 kΩ रोधाच्या टोकांना 6 V दिले. धारा mA मध्ये आणि शक्ती mW मध्ये काढा.

3. 0.4 MΩ रोधातून 2.5 mA धारा वाहते. विभवांतर kV मध्ये किती? शक्ती किती?

4. चार्जर 5 V ला 2 A देतो. केबलचा एकूण रोध 250 mΩ आहे. केबलमध्ये किती व्होल्ट घटतात, आणि फोनपर्यंत किती वॅट पोहोचतात?

5. लाल एलईडी 5 V वर लावायचा आहे. एलईडीवर 2 V घटतात, धारा 20 mA हवी. सोबत एकसर जोडायचा रोध किती ओहमचा? त्यात किती mW उष्णता होईल? (ओहमचा नियम फक्त रोधाला लावा. एलईडी तो पाळत नाही.)

6. 1 kΩ चा रोध पाव वॅटचा, म्हणजे 250 mW पर्यंत सोसणारा आहे. तो 12 V ला टिकेल का? 24 V ला?

7. डिजिटल मल्टिमीटरचा अंतर्गत रोध 10 MΩ आहे. तो 230 V मोजताना किती mA धारा घेतो?

8. गीझर 230 V ला 2 kW चा आहे. विभवांतर 207 V झालं तर तो किती शक्ती घेईल? रोध बदलत नाही असं धरा.

9. तोच गीझर 230 V वर रोज 15 मिनिटं चालला तर 30 दिवसांत किती युनिट?

10. खोपोलीचं जलविद्युत केंद्र 1915 पासून मुंबईला वीज देत आलं आहे. त्याची क्षमता 72 MW. ती पूर्ण वापरली तर असे 2 kW चे किती गीझर एकाच वेळी चालतील?

उत्तरं (सोडवून झाल्यावरच बघा)

1. 350 mA, 47 kΩ, 3.6 kW, 1.5 W.

2. 4 mA, 24 mW.

3. 1 kV. शक्ती 1000 V × 2.5 mA = 2500 mW, म्हणजे 2.5 W.

4. 2 × 0.25 = 0.5 V घटतात. फोनला 4.5 V × 2 A = 9 W मिळतात, 1 W केबल तापवण्यात जातो. बारीक, लांब केबलने फोन सावकाश चार्ज होतो तो असा.

5. रोधावर 5 − 2 = 3 V. R = 3 ÷ 0.02 = 150 Ω. P = 3 V × 20 mA = 60 mW. ज्यांनी 5 V घेऊन 250 Ω काढला, त्यांनी आकृती काढून पुन्हा सोडवा.

6. 12 V ला 144 ÷ 1 = 144 mW, टिकेल. 24 V ला 576 mW, जळेल. विभवांतर दुप्पट झालं, शक्ती चौपट.

7. 230 ÷ 10⁷ = 0.000023 A = 0.023 mA. मीटर इतकी कमी धारा घेतो म्हणून मोजताना परिपथात जवळजवळ काही बदलत नाही.

8. 207 V म्हणजे 230 च्या 0.9 पट. शक्ती (0.9)² = 0.81 पट, म्हणून 2 kW × 0.81 = 1.62 kW. इथे 1.8 kW हे चुकीचं उत्तर सगळ्यात मोहात पाडतं: दहा टक्के विभवांतर कमी म्हणून दहा टक्के शक्ती कमी. पण विभवांतर घटलं की धाराही घटते. पटत नसेल तर लांब वाटेने करा: R = 230² ÷ 2000 = 26.45 Ω, मग 207² ÷ 26.45 = 1620 W.

9. 2 kW × 0.25 तास × 30 = 15 kWh = 15 युनिट. मिनिटांचे तास न करता 15 ने गुणलं तर 900 युनिट येतील. घरचं वीजबिल काढून बघा, एका गीझरने तेवढं होतं का.

10. 72 × 10⁶ ÷ (2 × 10³) = 36 × 10³ = 36000 गीझर. उत्तर 36 आलं असेल तर मेगाला किलोने भागल्यावर उरलेला हजार शोधा.