विषय: आपत्कालीन संपर्क क्रमांक बदलण्याबाबत

नमस्कार मॅडम,

मी स्वाती देवरे, क्वालिटी विभाग, अंबड प्लांट. माझ्या फाइलमध्ये आपत्कालीन संपर्क म्हणून पतीचा नंबर आहे. आमचा घटस्फोट झाला आहे, त्यामुळे तो काढून माझे मोठे भाऊ संदीप यांचा नंबर घ्यावा, ही विनंती. ते पंचवटीत राहतात, रात्रीसुद्धा फोन उचलतात आणि त्यांना विचारूनच नाव देत आहे. पूर्ण नंबर सोबतच्या सही केलेल्या फॉर्ममध्येच लिहिला आहे.

नुसत्या सिस्टिममध्ये बदल करून भागणार नाही. जुना नंबर माझ्या आयकार्डच्या मागे छापलेला आहे, सिक्युरिटी केबिनच्या रजिस्टरमध्ये आणि फर्स्ट एड रूमच्या यादीतही आहे. प्रसंग आला तर फोन तिथूनच जाणार. तेव्हा तिन्ही ठिकाणी बदल व्हावा. नवीन कार्ड येईपर्यंत जुन्यावर स्टिकर लावला तरी चालेल.

पीएफचे नॉमिनेशन मी पोर्टलवर स्वतः बदलते. ग्रुप मेडिक्लेममधून माजी पतीचे नाव कमी करायला वेगळा अर्ज लागतो का, तेवढे कळवा. निकालाची प्रत हवी असल्यास केबिनमध्ये येऊन दाखवेन. कारण कृपया आपल्यातच ठेवावे.

आपली,
स्वाती देवरे